एका फोनवर दोन हेडफोन: दोन्ही जोडलेले दिसतात, पण आवाज एकातच येतो

साताऱ्याला आई-बाबा रात्री जेवणं आटोपल्यावर फोन स्टँडवर उभा करून काहीतरी लावतात. कधी नाट्यसंगीत, कधी कीर्तन, शनिवारी-रविवारी जुना मराठी सिनेमा. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून आवाज मोठा ठेवावा लागतो, आणि वरच्या मजल्यावर बारावीचा मुलगा अभ्यासाला बसलेला असतो. म्हणून दोघांसाठी दोन ब्लूटूथ हेडफोन घेतले. त्यानंतर दर दोन-तीन दिवसांनी आईचा फोन येऊ लागला: "अगं, दोन्हींपुढे कनेक्टेड लिहिलंय, पण ऐकू यांनाच येतंय. मला काहीच नाही."

मी फोनवरूनच सांगायचे, ब्लूटूथ बंद करून परत चालू कर. ती करायची, आणि मग आईच्या कानात आवाज यायचा, बाबांचा जायचा. तीन आठवडे हेच चाललं होतं. दिवाळीत चार दिवस घरी गेले तेव्हा निवांत बसून याचा छडा लावला. ज्यांच्या घरी हेच होतंय त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी पालटापालट करून बघा

बिघाड फोनचा, हेडफोनचा की मधल्या एखाद्या वस्तूचा, हे ओळखायला एकच चाचणी पुरते. आज जो हेडफोन आधी जोडला तो उद्या नंतर जोडायचा. आमच्याकडे आईचा हेडफोन शेवटी जोडला की आईला ऐकू यायचं, बाबांचा शेवटी जोडला की बाबांना. म्हणजे गप्प राहण्याची पाळी हेडफोनबरोबर न फिरता जोडण्याच्या क्रमाबरोबर फिरत होती. असं असेल तर दोन्ही हेडफोन चांगले आहेत आणि अडचण फोनच्या पद्धतीतच आहे. उलट, क्रम कसाही ठेवला तरी एक ठरावीक हेडफोनच मुका राहत असेल, तर तो हेडफोन दुसऱ्याच कुठल्यातरी फोनला जाऊन चिकटतो आहे का, हे आधी बघा. त्याकडे पुढे येते.

क्रमावर अवलंबून राहण्याचं कारण असं. गाणी-सिनेमाचा आवाज ब्लूटूथवरून ज्या पद्धतीने जातो तिचं नाव ए-टू-डी-पी. ही पद्धत एक पाठवणारा आणि एक ऐकणारा अशी बांधलेली आहे. फोनला एका वेळी अनेक ब्लूटूथ वस्तू जोडून ठेवता येतात, घड्याळ, हेडफोन, गाडीतला स्टिरिओ, पण आवाज कुठे सोडायचा यासाठी तो त्यातली एकच निवडतो. बहुतेक अँड्रॉइड फोन शेवटी जोडलेली वस्तू निवडतात. पडद्यावरच्या 'कनेक्टेड' या शब्दाचा अर्थ एवढाच की ओळखपाळख झालेली आहे. आवाज तिकडे जातोय असा त्याचा अर्थ नाही, आणि आईची फसगत नेमकी तिथेच होत होती.

या टप्प्यावर माझाही बराच वेळ दोन चुकीच्या गोष्टींत गेला. एक, अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Maximum connected Bluetooth audio devices` नावाची सेटिंग असते आणि तिथे ५ पर्यंत आकडा निवडता येतो. ते बघून वाटतं की हेच हवं होतं. पण ती मर्यादा जोडून ठेवण्याची आहे, एकाच वेळी वाजवण्याची नाही. आकडा १ वर असेल तर २ करायला हरकत नाही, पण तेवढ्याने दुसऱ्या कानात आवाज येणार नाही. दुसरं, हेडफोनच्या खोक्यावर लिहिलेलं मल्टिपॉइंट. ते बरोबर उलटं काम आहे: एक हेडफोन दोन फोनांना जोडणं. दुकानात विचारलं तर "हो, दोनला चालतो" असं सांगतात, आणि ते खोटंही नसतं, फक्त ते दोन वेगळे.

फोनमध्येच सोय आहे का

काही फोनमध्ये कंपनीने दोन हेडफोनना आवाज पाठवण्याची सोय स्वतः बनवून दिलेली आहे. घरातला फोन त्यातला असेल तर पुढचा खर्च वाचतो.

सॅमसंगने ही सोय २०१७ सालच्या गॅलेक्सी एस८ पासून दिली. दोन्ही हेडफोन जोडायचे, काहीतरी वाजवायला लावायचं, वरून पडदा खाली ओढायचा, `Media output` वर टॅप करायचं आणि दोन्ही नावांवर खूण करायची. जुन्या मॉडेलमध्ये हीच गोष्ट ब्लूटूथच्या पानावर `Dual audio` या नावाने सापडते. हेडफोन कुठल्या कंपनीचे आहेत याने फरक पडत नाही, आणि दोघांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. 'काल चाललं होतं, आज नाही' अशी तक्रार असेल तर सर्वात आधी ही दुसरी खूण तपासा. एखादा हेडफोन मध्येच बंद होऊन परत जोडला गेला की निवड पुन्हा करावी लागू शकते.

आयफोनवर याला `Share Audio` म्हणतात. आयफोन ८ किंवा त्यापुढचा हवा आणि आयओएस १३.१ किंवा त्यापुढची आवृत्ती हवी. गाणं चालू असताना कंट्रोल सेंटरमधल्या एअरप्लेच्या चिन्हावर टॅप करून `Share Audio` निवडायचं आणि दुसऱ्याचे एअरपॉड्स झाकण उघडून फोनजवळ आणायचे. मर्यादा अशी की दोन्ही जोड एअरपॉड्स किंवा बीट्सची ठरावीक मॉडेल्सच लागतात. दुसऱ्या कंपनीचा हेडफोन या यादीत येतच नाही, तेव्हा त्यासाठी तासभर झटू नका.

तिसरा प्रकार नवा आहे. ब्लूटूथच्या ताज्या एलई ऑडिओ पद्धतीत फोन रेडिओ केंद्रासारखा आवाज प्रक्षेपित करतो आणि कितीही हेडफोन तो ऐकू शकतात. या सोयीला २०२२ मध्ये ऑराकास्ट हे नाव मिळालं. ए-टू-डी-पीची एकास एक ही अट यात मुळातच नाही, त्यामुळे पुढे हेच सरसकट होईल असं मला वाटतं. आज मात्र फोन आणि दोन्ही हेडफोन अशा तिघांनाही ते यावं लागतं. खोक्यावर ब्लूटूथ ५.३ लिहिलंय म्हणजे ऑराकास्ट आहे असं समजून विकत घेऊ नका. ऑराकास्ट किंवा एलई ऑडिओ हे शब्दच लिहिलेले हवेत.

सोय आहे, दोन्ही वाजतात, पण आवाज तुटतो, अशी तक्रार असेल तर कारण वेगळं असतं. एकच रेडिओ तोच आवाज दोनदा पाठवत असतो. एखादा तुकडा हवेत हरवला तर तो पुन्हा पाठवायला एका हेडफोनच्या वेळी भरपूर सवड मिळते, दोनच्या वेळी ती आकसते. ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं त्याच पट्ट्यात घरचं वाय-फायही असतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचं नेटवर्क दिसत असेल तर फोन त्यावर टाका. फोन खिशात किंवा उशीखाली न ठेवता दोघांच्या मध्ये मोकळा ठेवा, कारण या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि माणसाचं शरीर बहुतेक पाणीच आहे. हेडफोनच्या सेटिंगमध्ये एलडॅक ही जास्त चांगल्या आवाजाची पद्धत चालू असेल तर ती बंद करा. तिला साध्या पद्धतीच्या जवळजवळ तिप्पट माहिती हवेतून न्यावी लागते.

आता ठरावीक एकच हेडफोन मुका राहतो त्याविषयी. बाबांचे इअरबड्स आधी त्यांच्या स्वतःच्या फोनला जोडलेले होते. तो फोन आतल्या खोलीत चार्जिंगला असायचा. बड्स डबीतून काढले की कधी आईच्या फोनला जोडले जायचे, तर कधी आतल्या खोलीतल्या फोनला, आणि आम्ही बाहेर बसून शोधत राहायचो. बाबांच्या फोनवर जाऊन त्या बड्सचं नाव `Forget` केलं आणि हा एक त्रास कायमचा गेला. तुमच्या घरात टीव्ही किंवा लॅपटॉपला हेडफोन कधी जोडला असेल तर तिथेही बघा.

सोय नसलेल्या फोनवर: फुकटचा उपाय

आईच्या फोनमध्ये यातलं काहीच नाही. अशा वेळी पैसे घालवण्याआधी करून बघण्यासारखी एक गोष्ट आहे: इअरबड्सच्या एकाच जोडीतला डावा एकाने घालायचा, उजवा दुसऱ्याने. फोनच्या दृष्टीने तो एकच हेडफोन असल्यामुळे नकार मिळत नाही. फक्त सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जाऊन `Mono audio` चालू करावं लागतं. तसं केलं नाही तर स्टिरिओ गाण्यात एकाला तबला जास्त आणि दुसऱ्याला पेटी जास्त असा प्रकार होतो. घातलेला बड कानातून काढला की गाणं आपोआप थांबण्याची सोय काही बड्समध्ये असते. ती मध्येमध्ये गाणं बंद पाडते, म्हणून बड्सच्या अ‍ॅपमधून बंद करावी.

प्रवासात शेजारी शेजारी बसून ऐकायला हे उत्तम आहे. आमच्याकडे ते टिकलं नाही, कारण दोन्ही बड्सचा आवाज बरोबरच कमी-जास्त होतो. बाबांना पुरेल एवढा आवाज आईच्या कानाला सोसवत नव्हता.

तारेचा रस्ता, आणि त्यातले तीन खड्डे

मग वळले तारेकडे. आईच्या फोनला ३.५ मिलिमीटरचं गोल छिद्र नाही, फक्त टाइप-सी. त्यामुळे टाइप-सी ते गोल छिद्र असा छोटा कन्व्हर्टर, त्याला एकाचे दोन करणारा वाय आकाराचा स्प्लिटर, आणि त्यात दोन साधे वायरचे हेडफोन अशी साखळी झाली. ही साखळी चालली की अगदी बिनतक्रार चालते. पण ती चालेपर्यंत मला तीन वेळा बाजारात जावं लागलं.

पहिला खड्डा कन्व्हर्टरचा. दिसायला सारखे असणारे हे कन्व्हर्टर दोन जातींचे असतात. एकात नुसत्या तारा असतात आणि आवाजाचं विद्युत संकेतात रूपांतर फोनने करायचं असतं. दुसऱ्यात त्या कामाची चिप म्हणजे डॅक बसवलेली असते. पहिल्या जातीचा कन्व्हर्टर ज्या फोनना चालतो ते थोडे आहेत. बाकी फोनवर तो खुपसला तरी काहीच घडत नाही आणि आवाज फोनच्या स्पीकरमधूनच येत राहतो. हीच त्याची खूण. मी पहिल्यांदा आणलेला तसलाच होता. खोक्यावर 'डॅक' लिहिलेला घ्या, तो दोन्ही तऱ्हेच्या फोनना चालतो. कुणी म्हणेल की टाइप-सीचंच एकाचे दोन करून दोन कन्व्हर्टर लावू. तसं करू नका. अँड्रॉइड अशा दोन वस्तूंपैकी एकालाच आवाज देतो, आणि आपण फिरून ब्लूटूथच्याच अडचणीत येतो. दुभाजन डॅकच्या पुढे, गोल पिनेच्या बाजूला व्हायला हवं.

दुसरा खड्डा स्प्लिटरचा, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बाजारात दोन छिद्रांचे दोन प्रकारचे स्प्लिटर मिळतात. एक दोन हेडफोनसाठी असतो. दुसऱ्यात एक छिद्र हेडफोनचं आणि एक माइकचं असतं, तो संगणकाचे दोन पिनांचे हेडसेट फोनला जोडण्यासाठी असतो. दुसऱ्या प्रकारच्या स्प्लिटरमध्ये एका छिद्रातून आवाज येणं शक्यच नसतं. छिद्राजवळ माइकचं बारीक चित्र कोरलेलं असतं, ते चष्मा लावून शोधा. चित्र झिजलं असेल तर परत पालटापालट: हेडफोन दोन छिद्रांत अदलाबदल करून घाला. आता गप्पपणा हेडफोनबरोबर न जाता त्याच छिद्रात राहिला, तर स्प्लिटर चुकीचा आहे.

तिसरा खड्डा चमत्कारिक आहे. योग्य स्प्लिटर आणल्यावर पहिल्याच रात्री बाबा म्हणाले, "संगीत ऐकू येतंय, बोलणं गेलं." सिनेमातली वाद्यं येत होती, पण माणसांची बोलणी कुठेतरी लांब विहिरीत गेल्यासारखी वाटत होती. मग एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली तर जवळजवळ शांतताच. कारण पिनेच्या मुळाजवळची, दोन्ही कानांना सामायिक असलेली जोडणी सुटली होती. ती सुटली की डाव्या-उजव्याच्या आवाजात जो फरक असतो तेवढाच कानात उरतो, आणि जे दोन्हीकडे सारखं असतं ते एकमेकांना खोडून टाकतं. सिनेमातलं बोलणं दोन्हीकडे सारखंच असतं. आणि जुनी ध्वनिमुद्रणं तर पूर्ण मोनो, म्हणजे तिथे उरायला काहीच नसतं. उपाय साधा होता: पिन अर्धा मिलिमीटर बाहेर राहिली होती, ती टक् असा आवाज होईपर्यंत आत दाबली. दाबूनही बोलणं परत येत नसेल तर दुसऱ्या छिद्रात घालून बघा आणि मग पिन किंवा स्प्लिटर बदला.

राहता राहिला आवाजाच्या पातळीचा प्रश्न. साध्या स्प्लिटरमध्ये दोन्ही हेडफोनना एकच विद्युतदाब मिळतो, पण त्याचा आवाज किती होईल हे हेडफोनवर ठरतं. ३२ ओहमचा एक आणि १६ ओहमचा एक लावला तर १६ ओहमवाल्याला दुप्पट वीज मिळते आणि बहुधा तोच मोठा वाजतो. दोघांचे कान सारखे असतील तर एकाच मॉडेलचे दोन हेडफोन घेणं हा सरळ मार्ग. कान सारखे नसतील, तर प्रत्येक छिद्राला स्वतंत्र आवाजाचं चाक असलेला स्प्लिटर मिळतो, तो घ्या. आम्ही तोच घेतला. फोनचा आवाज बाबांना पुरेल एवढा ठेवायचा आणि आईने आपलं चाक मागे फिरवायचं. आणखी एक काळजी: दोन हेडफोन एकत्र लावले की कन्व्हर्टरवरचा भार वाढतो. दोन १६ ओहमवाले मिळून ८ ओहमचे होतात, आणि मोठ्या आवाजाला आवाज फाटू लागला तर कारण बहुधा तेच असतं.

एवढं सगळं जमल्यावर आठवडाभर छान चाललं. मग आई दूध उतू जातंय म्हणून उठली आणि वायरीबरोबर स्टँडसकट फोन खाली आला.

बिनतारी, पण फोनच्या ब्लूटूथशिवाय

शेवटी जे टिकलं ते असं. दोन हेडफोनना एकदम जोडता येणारा छोटा ब्लूटूथ ट्रान्समीटर मिळतो. तो कन्व्हर्टरच्या गोल छिद्रात जोडायचा. फोनला वाटतं की आपल्याला वायरचा हेडफोन लावलाय. तो एकदाच आवाज सोडतो आणि दोघांना वाटून देण्याचं काम ट्रान्समीटर करतो. त्यामुळे फोनमध्ये सोय असो वा नसो, काही बिघडत नाही. घेताना एकाच वेळी दोन हेडफोन चालतात असं स्पष्ट लिहिलेलं बघा, कारण दिसायला तसलेच पण एकालाच चालणारे ट्रान्समीटरही असतात. तशाच दिसणाऱ्या काही वस्तू आवाज पाठवत नाहीत, नुसता ग्रहण करतात, आणि काही दोन्ही कामं करतात. बटणावर टीएक्स म्हणजे पाठवणं आणि आरएक्स म्हणजे ग्रहण करणं असे दोन पर्याय असतील तर ते टीएक्सवर हवं.

पहिली जोडणी करताना फोनचं ब्लूटूथ बंद ठेवा. हे विसरलं तर हेडफोन ओळखीच्या फोनकडे पळतात आणि ट्रान्समीटर बिचारा लुकलुकत बसतो. आमच्या ट्रान्समीटरचा क्रम असा निघाला: बटण दाबून धरून तो शोधण्याच्या स्थितीत आणायचा, आईचा हेडफोन पेअरिंगमध्ये टाकायचा, जोडला की परत बटण दाबून धरायचं, मग बाबांचा टाकायचा. बाबांचा जोडला जाताना आईचा सुटतो. अशा वेळी बटण एकदा हलकेच दाबलं की तो परत येतो. हे पहिल्या दिवशीच करावं लागतं, नंतर तो दोघांना ओळखतो. फोनचा आवाज साधारण चार पंचमांशावर ठेवून कमी-जास्त हेडफोनवरच करायचं. फोनवर फार कमी ठेवला तर हेडफोनमध्ये सूं असा आवाज वाढतो.

गाण्यांसाठी प्रश्न इथेच संपला. सिनेमा लावला तेव्हा मात्र ओठ आधी हलत होते आणि शब्द मागून येत होते. ब्लूटूथवर आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा-चौथा भाग लागणं नेहमीचंच आहे. फोनचं स्वतःचं ब्लूटूथ असतं तेव्हा फोनला हा उशीर माहीत असतो आणि व्हिडिओचं अ‍ॅप चित्र तेवढंच थांबवून धरतं. इथे फोनला वाटतंय की वायर आहे, म्हणून तो चित्र थांबवत नाही.

व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये चित्र चालू असताना मेन्यूत `Audio delay` मिळतं. आवाज मागे पडत असेल तर तिथे उणे आकडा घालायचा. आकडा काढण्यासाठी मी दुसऱ्या फोनवर स्वतः टाळ्या वाजवताना एक मिनिटाचा व्हिडिओ घेतला, तो आईच्या फोनवर टाकला आणि एकेक हेडफोन घालून हात जुळताना आवाज येतो का ते बघत गेले. सुरुवात उणे २०० मिलिसेकंदांपासून, आणि मग थोडं थोडं पुढे-मागे. आईच्या हेडफोनला उणे २५० जुळलं, बाबांच्या बड्सना उणे १८०. मॉडेल वेगळं की उशीर वेगळा, आणि प्लेअरमध्ये आकडा एकच घालता येतो. मग मधला २१५ घातला. त्यामुळे आईला आवाज ३५ मिलिसेकंद उशिरा येतो आणि बाबांना ३५ लवकर. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा १२५ मागे पडला की माणसाच्या लक्षात येतो असं धरलेलं आहे. आम्ही दोन्हीकडून त्याच्या आत बसतो. पुढचे हेडफोन घेताना मात्र दोघांना एकाच मॉडेलचे घेणार आहे, म्हणजे ही तडजोड लागणार नाही.

हा उपाय फोनमध्ये साठवलेल्या फायलींनाच चालतो. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये असा आकडा घालायची जागा नाही, म्हणून तिथला सिनेमा ट्रान्समीटरवर ओठ सोडूनच चालतो. त्या रात्री आई-बाबा चाकवाला स्प्लिटर आणि वायरीच काढतात. वायरीत हा उशीर होतच नाही. फोन आता उंच स्टँडऐवजी टीपॉयवर आडवा ठेवतात, म्हणजे ओढला गेला तरी पडत नाही. सिनेमाला बसण्याआधी फोन चार्ज करून घ्यावा लागतो, कारण टाइप-सीचं छिद्र कन्व्हर्टरने अडवलेलं असतं.

आता रोजचा क्रम आईने कागदावर लिहून स्टँडच्या मागे चिकटवलाय: फोनचं ब्लूटूथ बंद, कन्व्हर्टर लावा, ट्रान्समीटर चालू, आधी माझा, मग यांचा. गेल्या महिन्यात एकदाच फोन आला, "परत यांनाच ऐकू येतंय." मी ब्लूटूथ बघायला सांगितलं. दुपारी मावशीने फोटो पाठवायला म्हणून ते चालू केलं होतं आणि आईचा हेडफोन थेट फोनला जाऊन बसला होता. ब्लूटूथ बंद केल्यावर अर्ध्या मिनिटात तो ट्रान्समीटरवर परत आला.